नॉर्मल रिपोर्ट आणि धुमसणारी रक्तवाहिनी

“पण कोलेस्टेरॉल तर नॉर्मल होतं हो!” हार्ट अटॅक आलेल्या माणसाच्या घरचे आयसीयूच्या बाहेर हे वाक्य हमखास बोलतात, आणि बहुतेक वेळा ते खरंच असतं. २००० ते २००६ या काळात हृदयाच्या धमन्यांच्या आजारासाठी अमेरिकेतल्या रुग्णालयांत दाखल झालेल्या १ लाख ३६ हजारांहून अधिक लोकांचं कोलेस्टेरॉल दाखल होताच मोजलेलं होतं. त्यातल्या जवळजवळ निम्म्यांचं एलडीएल, म्हणजे ज्याला आपण ‘वाईट’ कोलेस्टेरॉल म्हणतो ते, १०० च्या खाली निघालं. काहींना आधीपासून गोळ्या चालू होत्या, शिवाय अटॅकनंतर एलडीएल थोडं उतरतं. हे सगळं जमेस धरलं तरी एवढी माणसं उरतात की त्यांना अपवाद म्हणून बाजूला सारता येत नाही. त्यांच्या धमन्यांत काय चाललं होतं आणि ते रिपोर्टमध्ये का दिसलं नाही, हे समजून घ्यायला हवं.

एक रिपोर्ट समोर ठेवू. माणूस कल्पनेतला आहे, पण असे आकडे आपल्याकडच्या कुठल्याही लॅबमध्ये रोज निघतात. वय ४६, काम बसून, कंबर ९८ सेंटिमीटर, जेवण झालं की तंबाखूची चिमूट. एकूण कोलेस्टेरॉल १८२, एलडीएल १०६, एचडीएल ३४, ट्रायग्लिसराइड २१०. एकूण २०० च्या आत आणि एलडीएल १३० च्या आत, म्हणून घरात सगळे निश्चिंत. एचडीएल कमी आणि ट्रायग्लिसराइड जास्त असल्याच्या खुणा कागदावर आहेत, पण त्यांच्याकडे कुणी फारसं पाहत नाही.

पहिला प्रश्न असा की १३० च्या आत म्हणजे नॉर्मल, हे ठरलं कसं? आजच्या शहरी समाजात सर्रास आढळणारे आकडे आणि धमनीला न बाधणारे आकडे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माद्रिदमध्ये ४० ते ५४ वयाच्या बँक कर्मचाऱ्यांचा दीर्घकाळ अभ्यास चालू आहे. त्यातून संशोधकांनी १,७७९ अशी माणसं निवडली की ज्यांना नेहमीचा एकही धोका नव्हता. ती सिगारेट ओढत नव्हती, त्यांना ब्लडप्रेशर नव्हतं, मधुमेह नव्हता, कोलेस्टेरॉलही नेहमीच्या मर्यादेत होतं. मानेच्या, पोटाच्या आणि मांडीच्या धमन्यांची सोनोग्राफी आणि हृदयाचा सीटी स्कॅन केल्यावर त्यांच्यातल्या जवळपास निम्म्यांच्या धमन्यांत चरबीचे थर सापडले. एलडीएल ६० ते ७० असलेल्यांत हे प्रमाण ११ टक्के होतं, तर १५० ते १६० असलेल्यांत ६४ टक्के. मधे कुठेही अशी पायरी दिसली नाही की जिच्या खाली सगळं सुरक्षित आणि वर सगळं धोक्याचं म्हणता येईल. आपल्या उदाहरणातला १०६ हा आकडा त्या चढणीच्या मधोमध येतो.

दुसरी गोष्ट मोजमापाची. कोलेस्टेरॉल रक्तात सुटं फिरत नाही. ते बारीक कणांत भरलेलं असतं आणि धमनीच्या भिंतीत घुसतो तो अख्खा कण. लॅब मात्र सगळ्या कणांतल्या कोलेस्टेरॉलचं मिळून वजन सांगते. क्विंटलभर ज्वारी पन्नास किलोच्या पोत्यांत भरली तर दोन पोती होतात, दहा किलोच्या पिशव्यांत भरली तर दहा पिशव्या होतात, आणि काटा दोन्ही वेळा क्विंटलच दाखवतो. पोट सुटलेल्या, ट्रायग्लिसराइड वाढलेल्या, एचडीएल घटलेल्या माणसात एलडीएलचे कण लहान आणि संख्येने जास्त असतात. हा नमुना भारतीयांत फार आढळतो. कणांची संख्या कळण्यासाठी ॲपो-बी नावाची तपासणी आहे. अशा प्रत्येक कणावर ॲपो-बी हे प्रथिन एकच असतं, त्यामुळे ते मोजलं की कण मोजल्यासारखं होतं. आपल्या माणसाचं ॲपो-बी ११२ आलं असं धरू. एलडीएलच्या १०६ वरून वाटलं असतं त्यापेक्षा कण बरेच जास्त आहेत. ही तपासणी केली नाही तरी एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करून साधारण अंदाज येतो. १८२ मधून ३४ गेले की राहतात १४८, आणि १३० च्या पुढचा हा आकडा त्याच जुन्या रिपोर्टमध्ये पहिल्यापासून होता.

आता धमनीच्या आत जाऊ. खरी हकिकत तिथे घडते. रक्ताला लागून असलेलं धमनीचं अस्तर एकाच पेशीच्या जाडीचं असतं. सरळ भागात रक्त एका लयीत वाहतं तेव्हा हे अस्तर गुळगुळीत आणि शांत राहतं. फाटे फुटतात, वळणं येतात, तिथे प्रवाह घोटाळतो आणि अस्तर जागं होतं. चरबीचे थर नेमके अशाच ठिकाणी का साठतात, याचं कारण हे आहे. संपूर्ण शरीरात रक्त एकच, कोलेस्टेरॉलचा आकडा एकच, तरी थर जागा निवडून साठतात. कोलेस्टेरॉलचा आकडा ही एकच गोष्ट सगळं ठरवत नाही, हे इतकं साधं निरीक्षण पूर्वीपासून सांगत होतं.

अशा जागी एलडीएलचे कण अस्तर ओलांडून भिंतीत शिरतात आणि तिथल्या चिकट रेणूंना अडकून पडतात. अडकलेला कण हळूहळू बिघडतो, त्यातल्या चरबीचं ऑक्सिडेशन होतं. जखम झाली किंवा जंतू शिरला तर अस्तर जे करतं तेच ते इथेही करतं. ते आपल्या पृष्ठभागावर पांढऱ्या पेशींना धरून ठेवणारे रेणू उभारतं. रक्तातून जाणाऱ्या पेशी त्यांना चिकटतात, आत सरकतात आणि भक्षक पेशी होऊन बिघडलेले कण गिळू लागतात. गिळता गिळता त्या चरबीने इतक्या भरतात की सूक्ष्मदर्शकाखाली फेसासारख्या दिसतात. काही तिथेच मरतात आणि त्यांच्या पोटातली चरबी भिंतीत सांडते. त्या चरबीत कोलेस्टेरॉलचे टोकदार स्फटिक तयार होतात. २०१० मध्ये प्रयोगांतून कळलं की हे स्फटिक भक्षक पेशीच्या आतली धोक्याची एक यंत्रणा चालू करतात आणि पेशी इंटरल्यूकिन-१ बीटा नावाचा रेणू बाहेर सोडते. हा दाह भडकवणारा संदेश असतो. तो आणखी पेशींना बोलावतो, त्या इंटरल्यूकिन-६ सोडतात, आणि ते यकृतापर्यंत पोहोचलं की यकृत सीआरपी नावाचं प्रथिन रक्तात सोडू लागतं. हृदयाच्या धमनीत चाललेल्या गोष्टीची चाहूल हातातून काढलेल्या रक्तात लागते ती अशी.

एवढं होईपर्यंत माणसाला काहीच जाणवत नाही. छातीत दुखत नाही, जिना चढताना दम लागत नाही. थर वाढला तरी सुरुवातीला धमनी बाहेरच्या बाजूने फुगते आणि रक्ताची वाट तेवढीच मोकळी राहते. शिकागोतले डॉक्टर सेमूर ग्लॅगोव्ह यांनी १९८७ मध्ये मृतांच्या हृदयांचा अभ्यास करून दाखवलं की धमनीचा साधारण ४० टक्के भाग थराने व्यापेपर्यंत आतली वाट अरुंद होत नाही. म्हणून स्ट्रेस टेस्ट नॉर्मल आली याचा अर्थ एवढाच की रक्त अडत नाही. भिंत निरोगी आहे असं ती चाचणी सांगत नाही, आणि तशी अपेक्षा तिच्याकडून ठेवणं चूक आहे.

मग अटॅक येतो कसा? चरबीच्या गाभ्यावर शरीर तंतूंचं एक आवरण चढवतं. आवरण जाड असेल तर तो थर वर्षानुवर्षं निपचित पडून राहतो. दाह चालू असेल तर दोन बाजूंनी नुकसान होतं. भक्षक पेशी आवरणातले तंतू विरघळवणारी पाचक द्रव्यं सोडतात, आणि टी पेशी नवे तंतू बनवणाऱ्या पेशींना काम थांबवायला लावतात. फुटलेल्या थरांच्या अभ्यासात हे आवरण अनेकदा ६५ मायक्रॉनपेक्षाही पातळ आढळतं, म्हणजे मिलिमीटरच्या पंधराव्या हिश्शाएवढं. ते फाटलं की आतला गाभा रक्ताला लागतो आणि काही मिनिटांत गुठळी धरते. थर लहान असला तरी हे होतं. अँजिओग्राफीत ज्याला ‘फक्त ३०-४० टक्के ब्लॉकेज’ म्हणतात, तो असा फुटू शकतो. आवरण न फाटता नुसतं वरचं अस्तर खरवडून गुठळी झाल्याचीही बरीच उदाहरणं आहेत. किती ब्लॉकेज आहे हा प्रश्न आपण नेहमी विचारतो. तो थर शांत आहे की तापलेला, हाही प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे, आणि तो क्वचितच विचारला जातो.

ही कल्पना नवी नाही. एकोणिसाव्या शतकात जर्मनीतल्या रुडॉल्फ फिर्खो यांनी धमनीच्या या विकाराला दाहच म्हटलं होतं. १९१३ मध्ये रशियात निकोलाय अनिचकोव्ह यांनी सशांना कोलेस्टेरॉल खाऊ घालून त्यांच्या धमन्यांत थर तयार केले आणि पुढे सगळं लक्ष कोलेस्टेरॉलकडे गेलं. १९९९ मध्ये अमेरिकेतले रसेल रॉस यांनी हा दाहाचा आजार आहे असं पुन्हा ठामपणे मांडलं. पण मांडणं वेगळं आणि सिद्ध करणं वेगळं.

सिद्ध करण्याचा मोठा प्रयत्न बॉस्टनचे पॉल रिडकर यांनी केला. २००८ मध्ये त्यांनी १७,८०२ अशा लोकांवरच्या चाचणीचे निकाल जाहीर केले, ज्यांचं एलडीएल १३० च्या खाली होतं पण सीआरपी २ किंवा त्याहून जास्त. अर्ध्यांना रोज २० मिलिग्रॅम रोसुव्हास्टॅटिन दिलं, अर्ध्यांना औषध नसलेली गोळी. अटॅक, पक्षाघात आणि तत्सम घटना औषध घेणाऱ्यांत ४४ टक्क्यांनी कमी झाल्या आणि चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली. तरीही एक शंका राहिलीच. स्टॅटिन एलडीएल उतरवतं आणि दाहही कमी करतं, मग फायदा नेमका कशाचा?

ती शंका २०१७ च्या चाचणीने सोडवली. हार्ट अटॅक येऊन गेलेल्या आणि उपचार चालू असूनही सीआरपी २ च्या वर असलेल्या १०,०६१ लोकांना तिच्यात घेतलं होतं. औषध होतं कॅनाकिनुमॅब, तीन महिन्यांतून एकदा घ्यायचं इंजेक्शन. ते इंटरल्यूकिन-१ बीटाला निकामी करतं आणि कोलेस्टेरॉलला हातही लावत नाही. एलडीएल होतं तिथेच राहिलं, सीआरपी घसरलं, आणि १५० मिलिग्रॅमच्या डोसवर पुन्हा अटॅक, पक्षाघात किंवा हृदयविकाराने मृत्यू होण्याचं प्रमाण १५ टक्क्यांनी घटलं. कोलेस्टेरॉल जागचं न हलता धोका कमी होतो, हे माणसांत पहिल्यांदाच इतक्या स्पष्टपणे दिसलं. याच चाचणीने किंमतही दाखवली. हाच रेणू जंतूंशी लढायला लागतो, त्यामुळे जंतुसंसर्गाने होणारे मृत्यू थोडे वाढले, आणि एकूण मृत्यूंत फरक पडला नाही. हृदयासाठी या औषधाला अमेरिकेत मंजुरी मिळाली नाही.

‘म्हणजे खरा दोषी दाह आहे, कोलेस्टेरॉल उगाच बदनाम झालं’ असं सांगणारे व्हिडिओ मला अतिशय धोकादायक वाटतात. बोलिव्हियाच्या जंगलात त्सिमाने नावाचे लोक शिकार, मासेमारी आणि शेती करून राहतात. जंतांचा आणि जंतुसंसर्गाचा त्यांना कायमचा त्रास, त्यामुळे निम्म्या लोकांचं सीआरपी वाढलेलं. दाहच पुरेसा असता तर त्यांच्या धमन्या चरबीने भरलेल्या असायला हव्या होत्या. २०१७ मध्ये चाळिशीपुढच्या ७०५ जणांचा सीटी स्कॅन केला तेव्हा ८५ टक्के लोकांच्या हृदयाच्या धमन्यांत कॅल्शियमचा अंशही नव्हता. त्यांचं एलडीएल सरासरी ९० च्या आसपास, रक्तातली साखर कमी, ब्लडप्रेशर कमी, तंबाखू नगण्य, आणि दिवसाचे कित्येक तास पायांवर. भिंतीत अडकायला कणच थोडे असतील, तर दाहाला धरून राहायला फारसं काही मिळत नाही, असा याचा अर्थ मी लावतो. कण आणि दाह दोन्ही लागतात. एक मध्यम असला तरी दुसरा जोरात असेल तर आजार होतो, आणि आपल्या ४६ वर्षांच्या माणसात नेमकं तेच चाललं आहे.

त्याच्या भिंतीला तापवणाऱ्या गोष्टी समोरच आहेत. तंबाखू एक, पोटाच्या आतली चरबी दुसरी. ही चरबी नुसती साठून राहत नाही, ती स्वतः इंटरल्यूकिन-६ सोडते. साखर वाढू लागलेली असेल, ब्लडप्रेशर असेल, तर अस्तर आणखी बिघडतं. आमवातासारख्या सांध्यांच्या आजारात आणि सोरायसिसमध्ये हृदयविकाराचा धोका वाढलेला असतो, तो याच वाटेने. हिरड्यांच्या जुनाट आजाराचंही नातं आढळतं, पण हिरड्या बऱ्या केल्याने अटॅक टळतो असं अजून कुणी सिद्ध केलेलं नाही.

आणखी एक कारण जन्माबरोबर येतं, लिपोप्रोटीन-ए. हाही एलडीएलसारखाच कण, पण त्याला एक जादा प्रथिन जोडलेलं असतं आणि तो बिघडलेली चरबी अंगावर वागवतो, त्यामुळे कोलेस्टेरॉल पोहोचवता पोहोचवता तो दाहही पेटवतो. त्याची पातळी जवळजवळ पूर्णपणे आनुवंशिक असते. पथ्याने किंवा व्यायामाने ती हलत नाही, म्हणून आयुष्यात एकदा मोजली की काम भागतं. ५० मिलिग्रॅमच्या वर असेल तर धोका वाढलेला समजतात. नेहमीच्या लिपिड प्रोफाइलमध्ये ही तपासणी नसते, वेगळी सांगावी लागते. घरात पन्नाशीच्या आत कुणाला अटॅक आला असेल तर ती जरूर सांगावी. आपल्या माणसाचा आकडा ६२ निघाला असं समजू.

आता सीआरपी कसं वाचायचं ते. हृदयासाठी साधं नव्हे, हाय सेन्सिटिव्हिटी सीआरपी मागायचं, ते कमी पातळीही नीट पकडतं. १ च्या खाली बरं, १ ते ३ मधलं, ३ च्या वर जास्त. पावसाळ्यात चिकनगुनिया, डेंग्यू किंवा नुसता ताप येऊन गेला असेल, दाढ ठणकत असेल, लस घेतली असेल, तर हा आकडा हृदयाबद्दल काहीच सांगत नाही. १० च्या वर गेला तर आधी दुसरं कारण शोधायचं. पूर्ण बरं वाटत असताना करायचं, दोनेक आठवड्यांनी पुन्हा करायचं, आणि दोन्हींतला कमी आकडा धरणं शहाणपणाचं. आपल्या माणसाचे आकडे ३.६ आणि ३.२ असे आले. सीआरपी हा फक्त संकेत आहे. ते स्वतः धमनी बिघडवतं असं आनुवंशिक अभ्यासांत आढळलेलं नाही, त्यामुळे निव्वळ तो आकडा खाली आणण्याला अर्थ नाही.

दाह शमवणारी कुठलीही गोळी इथे चालत नाही. मेथोट्रेक्सेट आमवातात उत्तम काम करतं, पण २०१८ मध्ये संपलेल्या मोठ्या चाचणीत त्याने हृदयरुग्णांचा फायदा झाला नाही. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या सूज उतरवतात आणि हार्ट अटॅकचा धोका मात्र वाढवतात. ‘सूज कमी होईल’ म्हणून त्या स्वतःच्या मनाने घेणारी माणसं पाहिली की जीव कळवळतो. हळदीच्या कॅप्सूलने अटॅक टळतो असं दाखवणारी मोठी चाचणीही झालेली नाही. गाउटसाठी फार जुन्या काळापासून वापरलं जाणारं कोल्चिसिन मात्र काही चाचण्यांत उपयोगी ठरलं. ०.५ मिलिग्रॅम रोज घेतल्यावर २०१९ च्या चाचणीत अटॅक येऊन गेलेल्यांमधल्या पुढच्या घटना २३ टक्क्यांनी घटल्या, २०२० च्या चाचणीत जुन्या हृदयरुग्णांत ३१ टक्क्यांनी. पण २०२४ च्या, सात हजारांवर रुग्णांच्या चाचणीत अटॅकनंतर लगेच ते सुरू करून काहीच फरक पडला नाही. ते जुलाब लावतं, मूत्रपिंड कमजोर असेल किंवा क्लॅरिथ्रोमायसिनसारखं अँटिबायोटिक चालू असेल तर विषारी ठरू शकतं. ज्यांना अजून काहीच झालेलं नाही त्यांनी ते घेण्याला आधार नाही.

आपल्या माणसाच्या बाबतीत अँजिओग्राफीची घाई नको, कारण त्याला लक्षणं नाहीत. कॅल्शियम स्कोअरचा सीटी स्कॅन योग्य, आणि ४६ व्या वर्षी तो ८४ आला तर आजार सुरू झाला आहे हे पक्कं. शून्य आला असता तरी एवढ्या कमी वयात पूर्ण निर्धास्त होता आलं नसतं, कारण मऊ, ताजा थर या तपासणीत दिसत नाही. उपचारात पहिलं स्थान स्टॅटिनचं, कारण ते कणही घटवतं आणि दाहही. त्याच्याबरोबर तंबाखू पूर्ण बंद, कंबर ९० च्या आत आणण्याचा प्रयत्न, साखर आणि ब्लडप्रेशरवर नजर. तीन महिन्यांनी पुन्हा तपासताना एलडीएलबरोबर ॲपो-बी आणि सीआरपीही पाहावं. एलडीएल ५५-६० वर आलं आणि सीआरपी २ च्या खाली गेलं तर उपचार लागू पडतोय असं म्हणता येईल. एलडीएल उतरूनही सीआरपी ३ वरच अडलं, तर तंबाखू खरंच सुटली का, हिरड्या, सांधे, त्वचा यांत काही जुनं दुखणं आहे का, हे विचारावं. लिपोप्रोटीन-ए मात्र ६२ च्या आसपासच राहणार, कारण स्टॅटिनने ते उतरत नाही. म्हणून बाकीचे आकडे जास्त कडक ठेवायचे, आणि त्याच्या धाकट्या भावाची आणि मुलांची ही तपासणी एकदा करून घ्यायची. प्रत्येक मुलाकडे हा वारसा येण्याची शक्यता साधारण निम्मी असते, आणि त्यांचा लिपिड प्रोफाइलही बहुधा नॉर्मलच येईल.